मुक्कामी सहलीतली दादागिरी : रात्रीचा बंदोबस्त आणि नोंदवहीत काय लिहायचं

मुक्कामी सहलीच्या फायलीत बहुतेक सगळं सापडतं. शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी, पालकांची संमतीपत्रं, बसची कागदपत्रं, प्रथमोपचार पेटीची यादी. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरुडच्या समुद्रात पुण्याच्या कॉलेजचे विद्यार्थी बुडाले, त्यानंतर पाण्याजवळ जाण्याबद्दलच्या सूचनाही शाळा डोळ्यांत तेल घालून वाचू लागल्या. एक कागद मात्र क्वचितच असतो: रात्री साडेदहा ते सकाळी साडेपाच या वेळात कोणतं मूल कुठे झोपलं होतं, त्याच्या शेजारी कोण होतं आणि त्या हॉलमध्ये जागं असलेलं मोठं माणूस कोण होतं. सहलीत किंवा शिबिरात मुलांना एकमेकांकडून होणारा त्रास बहुतांशी याच सात तासांत, नाहीतर पहाटेच्या न्हाणीघरात आणि बसच्या मागच्या सीटवर होतो. म्हणून हा लेख त्या वेळेपुरता आणि त्या जागांपुरताच आहे.

शाळेत त्रास देणारा मुलगा संध्याकाळी पाचला घरी जातो. सहलीत तो दोन हातांवर अंथरूण टाकतो. घरी फोन करायचा तर मोबाइल सरांकडे जमा, आणि सरांना सांगायचं तर पुढच्या दोन रात्री त्याच हॉलमध्ये काढायच्या. त्रास भोगणारं मूल हा हिशेब बरोबर मांडतं आणि गप्प बसतं. त्यामुळे ‘कुणाची तक्रार आली नाही’ या वाक्याला मुक्कामी सहलीत काहीच किंमत नाही.

प्रकार फारसे नवे नसतात. झोपलेल्याच्या तोंडाला टूथपेस्ट फासणं, चप्पल नाहीतर टॉवेल लपवणं, खाऊचे आणि खर्चाचे पैसे ‘उसने’ घेणं, ब्लँकेट टाकून वर बसणं, न्हाणीघराची कडी बाहेरून लावणं, पँट ओढणं, आणि आता या सगळ्याचं चित्रीकरण करणं. मुलींच्या खोलीत बहुधा हात उचलला जात नाही, तिथे वाळीत टाकतात: सहा जणींच्या खोलीत पाच जणी रात्रभर गप्पा मारतात आणि सहावीशी एक शब्द बोलत नाहीत. ते नोंदवहीत पकडणं जास्त अवघड असतं, पण ‘जेवताना तीनही वेळा एकटी बसली’ एवढं तरी डोळ्यांना दिसतं आणि लिहिता येतं.

निघण्याआधी : चिठ्ठी आणि अंथरुणांचा नकाशा

पुढे सगळीकडे एकच हिशेब धरू. आठवी-नववीची ४६ मुलं, त्यांत २८ मुलगे आणि १८ मुली. बरोबर दोन शिक्षक, एक शिक्षिका आणि एक महिला कर्मचारी. मुक्काम एखाद्या भक्तनिवासात, मुलगे तळमजल्याच्या हॉलमध्ये आणि मुली वरच्या तीन खोल्यांत. उदाहरण रचलेलं आहे, पण शाळांच्या सहली साधारण याच बेताच्या असतात.

सहलीच्या तीन-चार दिवस आधी वर्गात प्रत्येकाला एक कोरी चिठ्ठी द्या. शेजारी झोपायला कोण चालेल अशी दोन नावं लिहायची, आणि वाटलं तर कोण नको असं एक नाव. चिठ्ठी घडी करून थेट सहलप्रमुखाच्या हातात द्यायची, मॉनिटरने गोळा करायची नाही. याला वीस मिनिटं पुरतात आणि दोन गोष्टी हाताला लागतात. एखादं नाव पाच-सहा चिठ्ठ्यांत ‘नको’ म्हणून आलं तर तो मुलगा कुठे झोपणार हे तुम्ही ठरवायचं, त्याने नाही. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे: कुणाच्याच चिठ्ठीत ज्याचं नाव नाही, ते मूल कोण हे कळतं. रात्री बकरा बहुधा त्याचाच होतो.

त्या मुलाला शिक्षकाच्या कॉटशेजारी झोपवायचा मोह होतो. तसं करू नका. पहिल्याच रात्री तो ‘सरांचा चमचा’ ठरतो आणि सर पाण्याला उठले की त्याची किंमत मोजतो. त्याच्या दोन्ही बाजूंना शांत, कुणाच्या टोळीत नसलेले मुलगे द्या आणि जागा अशी निवडा की दाराजवळच्या खुर्चीवरून ती सरळ दिसेल. आठवी आणि नववी हॉलच्या दोन बाजूंना ठेवा, मधे चालायला वाट ठेवा.

मुक्कामाला पोचल्यावर प्रत्येक अंथरुणाच्या डोक्याशी खडूने किंवा चिकटपट्टीवर १ ते २८ आकडे टाका. एका कागदावर हॉलचा ढोबळ नकाशा काढा: दार, खिडक्या, दिव्याचं बटण, न्हाणीघराची वाट, आणि प्रत्येक आकड्यापुढे नाव. हा नकाशा रोज रात्री नव्याने तपासायचा, आणि जागा बदलली असेल तर कुणी, कुणाला विचारून बदलली ते शेजारी लिहायचं. पुढे काही घडलंच तर कोणाला काय दिसू शकलं असतं हे याच कागदावरून कळतं. आठवणीतून काढलेला नकाशा त्या कामाचा नसतो, कारण तोवर मुलांनी आपापसात काय सांगायचं ते ठरवलेलं असतं.

एक सवय इथेच मोडायला हवी. माणसं कमी म्हणून नववीतल्या धडधाकट मुलाला ‘ग्रुप लीडर’ करून आठवीची सात-आठ मुलं त्याच्या हवाली करायची, ही आपल्याकडची जुनी पद्धत. स्काउटच्या तुकडीत नायकाला शिस्त लावलेली असते आणि त्याच्यावर कुणीतरी असतं. सहलीतल्या लीडरवर कुणी नसतं. हजेरी घेणं, पाण्याच्या बाटल्या मोजणं ही कामं त्याला द्या. झोपवणं, शिक्षा करणं, पैसे किंवा मोबाइल सांभाळणं ही कामं देऊ नका. पुष्कळ प्रकरणांत त्रास देणाऱ्याच्या हातात ती सत्ता शिक्षकांनीच दिलेली असते, आणि म्हणूनच मूल शिक्षकांकडे येत नाही.

रात्रीची पाळी

हॉलमध्ये जागं राहणारं माणूस एकच असलं तरी चालतं, पण ते हॉलमध्येच हवं. शेजारच्या खोलीत दार उघडं ठेवून झोपणं म्हणजे देखरेख नव्हे. दोन शिक्षक असतील तर साडेदहा ते दोन आणि दोन ते साडेपाच अशा पाळ्या लावा, आणि पहाटेची पाळी केलेल्या माणसाला दिवसा बसमध्ये झोपू द्या. दिवसभर किल्ले चढवून रात्री जागवलं तर तो खुर्चीतच पेंगणार. वरच्या मजल्यावर शिक्षिका आणि महिला कर्मचारी अशीच वाटणी करतील. ड्रायव्हर, क्लीनर, भक्तनिवासाचा रखवालदार यांना देखरेखीच्या माणसांत धरायचं नाही, आणि मुलांच्या खोलीत त्यांनी यायचंही नाही.

खुर्ची दाराजवळ, पाठ भिंतीला, आणि न्हाणीघराच्या वाटेवर एक मंद दिवा. फेरी ठराविक वेळी मारू नका. दर तासाला मारलेली फेरी मुलं पहिल्याच रात्री पाठ करतात. सव्वाअकरा, मग अकरा चाळीस, मग साडेबारा अशी अडखळती ठेवा, आणि प्रत्येक फेरीची खरी वेळ तिथल्या तिथे लिहा. सकाळी बसून ‘११, १२, १, २’ अशी एकाच शाईत भरलेली पाळी चौकशीत पहिल्याच नजरेला उघडी पडते.

हॉल सोडावा लागला, मग ते फोनसाठी असो की वरून कुणी आजारी पडल्याची हाक आली म्हणून असो, किती वाजता गेलो आणि किती वाजता आलो हे लिहायचं. हे लिहायला सगळ्यांचा हात कचरतो, कारण ते आपल्याविरुद्ध जाईल असं वाटतं. पण मुलं त्या वीस मिनिटांबद्दलच बोलणार असतात. नोंदवहीत वीस मिनिटं रिकामी दिसली तर मुलाचं म्हणणं पटतं आणि शिक्षकाचंही. नोंदवहीत ‘रात्रभर हजर’ असेल तर दोघांपैकी एक खोटा ठरतो, आणि बहुधा मुलालाच खोटं ठरवलं जातं.

पहाट रात्रीइतकीच नाजूक असते. २८ मुलं आणि चार न्हाणीघरं असतील तर चौघांचा एक गट, प्रत्येकी दहा मिनिटं, असे सात गट. सव्वापाचला सुरुवात केली तर सहा पंचवीसला आंघोळी उरकतात. गट तुम्ही पाडा, आठवी आणि नववी एका गटात नको. आदल्या संध्याकाळी प्रत्येक दाराची आतली कडी लागते का आणि बाहेरून कडी घालता येते का ते हाताने पाहा. बाहेरची कडी असेल तर ती दोरीने उघडीच बांधून टाका. शिक्षकाने आत डोकावायचं नाही, पण हाक ऐकू येईल इतक्या अंतरावर उभं राहायचं. झोपायच्या आणि कपडे बदलायच्या जागेत कॅमेरा लावणं हा यावरचा उपाय नव्हे. त्यातून वेगळाच गुन्हा उभा राहतो.

दोन वह्या

एक वही रोजची: हजेरी, फेऱ्या, जागेतले बदल, कुणाला काय औषध दिलं. दुसरी घटनांची, आणि ती फक्त सहलप्रमुखाच्या बॅगेत कुलपात. दोन्ही शिवलेल्या हव्यात, सुटे कागद नकोत. पानांवर आकडे टाकून पहिल्या पानावर ‘या वहीत १ ते १०० पाने आहेत’ असं लिहून मुख्याध्यापकांची सही आणि शिक्का निघण्याआधीच घ्या. वह्या दोन हव्यात याचं कारण साधं आहे: रोजची वही बसमध्ये सीटवर पडलेली असते आणि मुलं ती वाचतात. तिच्यात फक्त ‘घटना क्रमांक २ पाहा’ एवढंच यावं.

दुसऱ्या वहीत प्रत्येक नोंदीला दोन वेळा लागतात, घटना घडल्याची आणि लिहिल्याची. दोन्हींत अंतर पडलं तर लपवू नका, कारण लिहा. निळ्या किंवा काळ्या पेनने लिहा. चुकलं तर एकच आडवी रेघ मारून बाजूला सही करा, खालचा शब्द वाचता आला पाहिजे. खाडाखोड झाकणारी पांढरी शाई वापरलेली नोंद कुणी मानत नाही. पुढे काही आठवलं तर जुन्या नोंदीत घुसवायचं नाही, त्या दिवसाच्या तारखेने नवी नोंद करायची.

नोंदीचे चार भाग धरा: मी काय पाहिलं, मला कुणी काय सांगितलं, मी काय केलं, आणि मी कुणाला कधी कळवलं. आपला अंदाज पाचवा, आणि तो लिहायचाच असेल तर ‘माझा अंदाज’ असं म्हणून वेगळा. नोंदी बिघडतात त्या बहुतेक वेळा पहिले दोन भाग एकमेकांत मिसळल्यामुळे.

एक प्रकरण, पहाटेपासून

दुसरी रात्र उलटली आहे. १४ नंबरच्या अंथरुणावरचा आठवीतला मुलगा, त्याला ‘अ’ म्हणू, आंघोळीच्या रांगेत आला नाही. कालचाच टी-शर्ट अंगात आहे. पोह्यांची बशी तशीच ठेवली. बसमध्ये कालची जागा सोडून ड्रायव्हरच्या मागे येऊन बसला. यातली एक खूण दिसली तर फार काही ठरत नाही. चार खुणा दोन तासांत एकाच मुलात दिसल्या तर विचारायची वेळ झाली.

विचारायचं ते बाजूला नेऊन, पण बंद खोलीत नाही. व्हरांड्यात किंवा बसपासून पंधरा-वीस पावलांवर, जिथे दुसऱ्या शिक्षकाला दोघं दिसतील पण ऐकू येणार नाही. ‘तुला ‘ब’ने मारलं का?’ असं विचारू नका; उत्तर तुम्हीच दिल्यासारखं होतं आणि पुढे ते टिकत नाही. ‘का’ने सुरू होणारे प्रश्नही नकोत, मुलाला ते जाब विचारल्यासारखे वाटतात. ‘काल दिवे गेल्यापासून काय काय झालं, पहिल्यापासून सांग’ एवढंच, आणि मग थांबायचं. ‘काही नाही सर’ हे पहिलं उत्तर येणारच. ‘बरं. मी इथेच आहे’ म्हणून मिनिटभर गप्प बसलात तर दुसरं उत्तर बरेचदा येतं. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. ‘ज्यांना सांगायलाच हवं त्यांनाच सांगेन, आणि त्याआधी तुला सांगेन’ हे खरं आहे आणि पाळता येतं.

मुलगा सांगतो की सर बाहेर गेले तेव्हा अंगावर ब्लँकेट टाकलं, वर बसले, आणि मग पँट ओढली. ‘क’ने मोबाइल धरला होता.

इथे थांबायचं. पँट ओढणं आणि त्याचं चित्रीकरण हे आता शाळेपुरतं प्रकरण राहत नाही. त्यामागे लैंगिक हेतू होता की ‘गंमत’ होती हे ठरवणं शिक्षकाचं काम नाही. २०१२च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार गुन्हा घडल्याचं कळलं, किंवा घडेल अशी शंका आली, तरी विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. मुख्याध्यापक परवानगी देतील तेव्हाच कळवायचं, असं कायद्यात कुठेही नाही. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. सद्भावनेने दिलेली माहिती पुढे टिकली नाही तरी देणाऱ्यावर कारवाई होत नाही. घटना परजिल्ह्यात घडली म्हणून अडत नाही. ठाणं कुठलंही असो, हद्दीचं कारण सांगून तक्रार नाकारता येत नाही. चाइल्डलाइनचा १०९८ चोवीस तास चालतो, पण तिथे फोन केला म्हणजे पोलिसांना कळवून झालं असं धरू नका.

मुलाला आणखी दोनच गोष्टी विचारा: आत्ता कुठे दुखतंय का, आणि ते चित्रीकरण कुणाला पाठवल्याचं तुला माहीत आहे का. बाकीचं पोलीस विचारतील. दहा मोठ्या माणसांनी दहा वेळा विचारलेलं मूल दहा प्रकारे सांगतं, आणि मग त्याच फरकांवर बोट ठेवून त्याला खोटं पाडतात.

मोबाइलच्या बाबतीत उत्साह आवरावा लागतो. गॅलरी उघडायची नाही, ‘पुरावा’ म्हणून आपल्या फोनवर घ्यायचं नाही, मुख्याध्यापकांना पाठवायचं नाही, आणि मुलाकडून पुसून तर मुळीच घ्यायचं नाही. मुलांचं असं चित्रीकरण जवळ ठेवणं आणि पुढे पाठवणं हा स्वतंत्र गुन्हा ठरू शकतो. ‘क’कडून फोन त्याच्याच हाताने बंद करून घ्या, पाकिटात घालून चिकटवा, जोडावर दोन शिक्षकांची आणि ‘क’ची सही, तारीख आणि वेळ. पाकीट पोलिसांकडे देताना पोच घ्या.

आता नोंद. अशा प्रसंगी सर्रास लिहिलं जातं ते असं:

> काल रात्री काही मुलांनी ‘अ’ची मस्करी केली. त्यास वाईट वाटले. संबंधितांना समज देण्यात आली. प्रकरण मिटले.

‘काही मुलांनी’ म्हणजे कोण? ‘मस्करी’ हा लिहिणाऱ्याचा निकाल आहे, घटना नव्हे. समज कुणी दिली, कधी, काय शब्दांत? आणि मिटलं कुणाच्या दृष्टीने? तीच घटना अशी लिहिता येते:

> घटना क्र. २. घडल्याची वेळ : रात्री ११.५० ते १२.१० दरम्यान (मुलाच्या सांगण्यावरून). लिहिल्याची वेळ : सकाळी ८.४०. जागा : तळमजला हॉल, अंथरूण क्र. १४. नकाशा जोडला आहे.
>
> पाहिलं : सकाळी ६.०० ते ७.५० दरम्यान ‘अ’ आंघोळीला आला नाही, कालचेच कपडे, नाश्ता केला नाही, बसमधली जागा बदलली. उजव्या कोपराच्या बाहेरच्या बाजूला सुमारे २ सेंमी लांब लाल ओरखडा. चालण्यात, श्वासात फरक दिसला नाही.
>
> सांगितलं : मी विचारलं, ‘काल दिवे गेल्यापासून काय काय झालं, पहिल्यापासून सांग.’ ‘अ’ म्हणाला, ‘काही नाही सर.’ थोड्या वेळाने म्हणाला, ‘सर बाहेर गेल्यावर माझ्या अंगावर ब्लँकेट टाकलं आणि चौघं बसले. श्वास कोंडला. मग पँट ओढली. ‘क’ने मोबाइल धरला होता. ‘ब’ म्हणाला ओरडलास तर ग्रुपवर टाकीन.’ यानंतर मी तपशील विचारले नाहीत. ‘दुखतं का’ या प्रश्नाला ‘कोपर’. ‘कुणाला पाठवलं का’ या प्रश्नाला ‘माहीत नाही’.
>
> देखरेख : रात्री ११.४८ ते १२.१२ मी फोनसाठी हॉलबाहेर होतो. हॉलमध्ये दुसरं कुणी मोठं माणूस नव्हतं.
>
> केलं : ८.१५ ‘अ’ दुसऱ्या शिक्षकांच्या सोबत. ८.२० ‘क’चा फोन बंद करून पाकिटात सीलबंद. ८.३० ‘ब’ आणि ‘क’ वेगवेगळे बसवले.
>
> कळवलं : ८.२२ मुख्याध्यापक, फोनवर. ८.३५ पोलीस ठाणे (नाव, बोलणाऱ्याचं नाव आणि हुद्दा). ८.३८ ‘अ’चे वडील.

ओरखड्याचं माप आणि जागा आहे, पण ‘ताजा’ किंवा ‘जुना’ असं लिहिलेलं नाही. वळाच्या रंगावरून तो किती तासांपूर्वीचा हे डॉक्टरांनाही खात्रीने सांगता येत नाही, शिक्षकाने तर सांगूच नये. मुलाचे शब्द त्याच्याच भाषेत आहेत. तो शिवी सांगत असेल तर शिवी लिहायची, तिचं ‘अपशब्द’ करायचं नाही. आणि अंगावरचे कपडे बाजूला करून पाहणं किंवा फोटो काढणं हे शिक्षकाचं काम नव्हे, ते डॉक्टरांचं. या मुलाच्या अंगावर माणसं बसली होती आणि श्वास कोंडला होता, म्हणून ‘बरं वाटतंय’ म्हणाला तरी जवळच्या दवाखान्यात दाखवायचं आणि ती वेळही लिहायची. प्रत्यक्ष वहीत अर्थातच पूर्ण नावं येतात, अक्षरं नाहीत.

त्या सकाळीच काय करू नये

सगळ्यांसमोर ‘हात मिळवा, संपलं’ करू नका. ‘अ’ला सगळ्यांदेखत हात पुढे करावा लागतो, आणि ‘ब’ला कळतं की एवढ्यावरच भागतं. ‘ब’ला ओणवं उभं करणं, मारणं, जेवण बंद करणं हेही नाही. तोही मूलच आहे, आणि शिक्षकाने हात उचलला की चौकशीचा रोख लगेच शिक्षकाकडे वळतो. ‘ब’, ‘क’ आणि शेजारच्या अंथरुणांवरच्या मुलांना एकत्र बसवून विचारायचं नाही. प्रकरण पोलिसांकडे गेलं असल्याने त्यांनाही तुम्ही खोदून विचारू नका. आपणहून कुणी काही सांगितलं तर ते ज्याचं त्याच्या शब्दांत, वेळेसह, वेगवेगळं लिहा. ‘ब’ने ‘आम्ही फक्त खेळत होतो’ म्हटलं तर तेही तसंच उतरवा.

जागा बदलायची ती त्रास देणाऱ्यांची. ‘अ’ला हलवून शिक्षकांच्या खोलीत ठेवलं तर त्यालाच हद्दपार केल्यासारखं होतं. शेजारी कोण हवं हे त्याला विचारा. घरी जायचं असेल तर पालक येईपर्यंत किंवा दोन मोठ्या माणसांसोबत पाठवेपर्यंत थांबा, एकट्याला बसमध्ये बसवून देऊ नका.

पालकांना फोन सहलप्रमुखानेच करायचा आणि वहीतलं वाचूनच सांगायचं: मूल आत्ता कुठे आहे, कसं आहे, त्याने काय सांगितलं, आम्ही काय केलं. दुसऱ्या बाजूच्या मुलांची नावं फोनवर सांगायची नाहीत. ‘ब’ आणि ‘क’च्या पालकांनाही त्याच दिवशी कळवायचं, ‘अ’चं नाव आणि तपशील न देता. सहलीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर यातलं एक अक्षर जाऊ नये. अशा प्रकरणातल्या मुलाची ओळख उघड करणं कायद्याने मना आहे, आणि ‘एका मुलासोबत काल...’ एवढ्या वाक्यावरून ४६ घरांना तो कोण हे दहा मिनिटांत कळतं.

पोलिसांपर्यंत न जाणाऱ्या गोष्टी

टूथपेस्ट, लपवलेली चप्पल, उकळलेले पन्नास रुपये यांसाठी कुणी ठाण्यात जात नाही, पण नोंद तीच आणि तशीच. एकदा झालं तर खोडी म्हणता येईल. त्याच मुलाशी तिसऱ्यांदा झालं, किंवा एकीकडे चौघे आणि दुसरीकडे एकटा असा सामना असला, तर ती खोडी नव्हे. हा फरक दिसायला आधीच्या दोन वेळा लिहिलेल्या असाव्या लागतात. पहिल्या दिवशीची चप्पल बसमधल्या शिक्षिकेला माहीत, दुसऱ्या दिवशीचे पैसे हॉलमधल्या सरांना माहीत, आणि दोघांचं बोलणं झालेलंच नाही, असं फार होतं. म्हणून रोज रात्री जेवणानंतर चारही मोठ्यांनी दहा मिनिटं वही मधे ठेवून बसायचं आणि फक्त नावं वाचायची. एकाच नावापुढे दोन नोंदी आल्या की त्या रात्री नकाशा बदलायचा.

महाराष्ट्राचा १९९९चा रॅगिंगबंदी कायदा फक्त कॉलेजचा असा समज आहे. त्यातली शिक्षणसंस्थेची व्याख्या रुंद आहे, बोर्डिंग आणि वसतिगृहही तिच्यात येतं, आणि संस्थेच्या आवाराबाहेर घडलेलं रॅगिंगही त्याखाली येतं. विद्यार्थी, पालक किंवा शिक्षक यांनी लेखी तक्रार दिली की संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची असते. वहीतली नोंद म्हणजे तक्रार नव्हे. म्हणून परतल्यावर मुख्याध्यापकांच्या नावे वेगळा अर्ज लिहा, घटना क्रमांक द्या, आणि दुसऱ्या प्रतीवर तारीख-वेळेसह पोच घ्या. सात दिवस त्या तारखेपासून मोजले जातात.

परतीची बस आणि पुढचे पंधरा दिवस

परतीच्या प्रवासात सगळे थकलेले असतात आणि शिक्षक पुढच्या सीटवर झोपतात. ‘कुणी सांगितलं’ याचा हिशेब मागच्या सीटवर याच वेळी चुकता होतो. बसमधल्या जागा तुम्ही लावा, एक मोठं माणूस शेवटच्या रांगेत बसवा, आणि जेवणाच्या थांब्यावर आधी कोण उतरतं, कोण मागे राहतं ते पाहा.

शाळेत उतरल्याच्या दिवशीच दोन्ही वह्या, नकाशे आणि चिठ्ठ्या मुख्याध्यापकांकडे द्या आणि किती पानं दिली ते लिहून सही घ्या. घटनांच्या वहीची झेरॉक्स सहलप्रमुखाने घरी न्यायची नाही. शाळेच्या कपाटात कुलूपबंद ठेवायची, आणि किल्ली कुणाकडे हेही लिहायचं. शाळेत विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती असेल तर तिच्या पुढच्या बैठकीत विषय घटना क्रमांकानेच यावा, नावाने नको.

त्यानंतर ‘अ’ची विचारपूस दुसऱ्या, सातव्या आणि पंधराव्या दिवशी, ज्याच्याशी तो बोलला त्याच शिक्षकाने करायची. डबा कुणाबरोबर खातो, हजेरी कशी आहे, बाक बदलून मागितला का, घरून फोन आला का, एवढंच पाहायचं आणि तीन ओळी त्याच वहीत, त्याच क्रमांकाखाली लिहायच्या. तीनपैकी एखाद्या दिवशी जरी तो गैरहजर असेल तर त्याच दुपारी घरी फोन करायचा आणि फोन कुणी उचलला ते लिहायचं.